आभारप्रदर्शनात माणसे कशी वगळावीत

नव्या घरात पहिल्यांदाच सगळे आप्तेष्ट जमणार आहेत, किंवा घरातल्या लग्नाचा स्वागतसमारंभ ठरला आहे, आणि यजमानांच्या वतीने आभार मानण्याचे काम आपल्याकडे आले आहे, असे समजू. बहुतेक लोक या कामाला क्षुल्लक समजतात आणि त्यामुळे ते चुकून बरे करून बसतात. थोडी काळजी घेतली, तर मात्र मदतीला धावून आलेल्या मंडळींपैकी निम्म्यांना एकाच संध्याकाळी दुखावणे सहज शक्य आहे, आणि त्यासाठी कोणाविषयी एकही वाईट शब्द काढावा लागत नाही.

पहिला प्रश्न वेळेचा. आभार मानण्यासाठी जेवणाआधीची ती पाच-दहा मिनिटे, म्हणजे सर्वजण आलेले आहेत, बसलेले आहेत आणि हात मोकळे आहेत ती वेळ, कटाक्षाने टाळावी. निम्म्या लोकांच्या हातात ताटे आली आणि उरलेले रांगेत उभे आहेत, अशी खात्री झाल्यावरच बोलायला उठावे. ताट हातात असलेल्या माणसाला टाळी वाजवता येत नाही, रांगेतल्या माणसाचे लक्ष पुढच्या माणसाच्या पाठीवर असते, आणि ज्यांनी सकाळपासून सर्वाधिक कष्ट घेतले ती मंडळी नेमकी त्याच वेळी आत वाढण्याच्या गडबडीत असतात. आपण बाहेर त्यांचे आभार मानत आहोत हे त्यांना नंतर कोणीतरी सांगेल. सांगितले नाही, तरी आपले कर्तव्य पार पडलेले असतेच.

त्यानंतर यादी. यादी शक्य तितकी लांब करावी आणि ती केवळ नावांची करावी, कामांची नव्हे. साधा हिशेब असा आहे की आदरार्थी संबोधन, नाव, आडनाव आणि नाते इतके सगळे नीट उच्चारायला प्रत्येकी चार-पाच सेकंद लागतात. म्हणजे साठ नावे घेतली की चार-पाच मिनिटे आरामात निघून जातात आणि त्यात आभाराचे एक वाक्यही बोलावे लागत नाही. यादीचा खरा गुण मात्र तिच्या लांबीत नसून तिच्या परिणामात आहे. पहिली चार-पाच नावे कानांवर पडताच जमलेल्या प्रत्येकाच्या लक्षात येते की आज नावे घेतली जाणार आहेत, आणि त्या क्षणापासून तो फक्त स्वतःच्या नावाची वाट पाहू लागतो. नाव आले की त्याचे ऐकणे संपते, आणि नाही आले तर रात्री उशिरापर्यंत ते संपत नाही. पाच माणसांची नावे घेऊन आपण थांबलो असतो, तर राहिलेल्यांनी ती मोजकीच घेतली असे मानून सोडून दिले असते. एकोणसाठ घेतली की साठाव्या माणसाला मात्र आपण जाणूनबुजून गाळले गेलो याबद्दल काडीचीही शंका उरत नाही. तेव्हा यादी अशी करावी की ती पूर्ण वाटेल, पण पूर्ण नसेल.

यादी आदल्या दिवशी दुसऱ्या कोणाला दाखवू नये, हे वेगळे सांगायला नको. विशेषतः घरातल्या अशा बाईमाणसाला तर मुळीच दाखवू नये, जिला कोणी काय आणले, कोणी काय उचलले आणि कोणाचे काय परत करायचे राहिले आहे हे तोंडपाठ असते. ती दोन मिनिटांत सात-आठ कामे सुचवील, त्यांपैकी निम्मी आपल्याला ठाऊकही नसतील, आणि सगळ्या योजनेवर पाणी पडेल.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, घरच्या माणसांचा. ज्या बहिणीने रजा टाकून सामानाची खोकी बांधली, ज्या मेहुण्याने पाण्याचा गळका नळ रात्री अकरा वाजता बसवून दिला, ज्या वहिनीने आलेल्यागेलेल्यांची सगळी व्यवस्था पाहिली, त्यांच्यासाठी आपल्या भाषेने एक तयार वाक्य करूनच ठेवले आहे: ‘ही घरचीच माणसे आहेत, त्यांचे आभार मानून मी त्यांना परके करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल.’ हे वाक्य म्हणजे आभार न मानता आभार मानल्याचे श्रेय घेण्याची उत्तम सोय आहे. यामुळे केटरर, मंडपवाले आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे, ज्यांना पैसे दिले आहेत, त्यांची नावे आडनावासकट घेतली जातात, आणि जे फुकट राबले त्यांच्या वाट्याला आपले ऋण येते. वाक्य म्हणताना आवाज किंचित कापरा ठेवावा. मेहुण्याला नळ आठवेल, पण त्याला काही बोलता येणार नाही.

किरकोळ मदत करणाऱ्यांसाठीही अशीच एक सोय आहे: ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे मदत केली, त्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे आभार.’ जमलेल्या पन्नास-साठ माणसांत अज्ञात असे कोणीच नसते, प्रत्येकाला आपण काय केले हे पक्के ठाऊक असते, हे विसरावे. खुर्च्या दिल्या ते शेजारी, पत्ता चुकलेल्या पाहुण्यांना घेऊन येणारा पुतण्या आणि लहान मुले रडू लागली तेव्हा त्यांना तासभर खेळवत बसलेली आत्या, या तिघांनाही एकाच वाक्यात कोंबता येते आणि तिघांपैकी एकालाही ते आपल्याविषयी आहे असे वाटत नाही.

ज्यांनी पैशाची मदत केली त्यांचा उल्लेख मात्र तपशिलाने करावा. घर घेताना काकांनी ऐन वेळी रक्कम उसनी दिली असेल, तर ती चारचौघांत जाहीर करावी. काकांनी ती काकूंना सांगितली नसेल तर फारच उत्तम, आणि सांगितली असेल तरी बाकीच्या तिघा पुतण्यांना काकांकडे उसने मागता येते ही माहिती त्या निमित्ताने मिळतेच. अशा मदतीचे आभार एकांतात, दोन वाक्यांत मानणारी माणसे समाजाचे केवढे नुकसान करतात.

कोणी म्हणेल की हे सगळे ठीक आहे, पण याच्या उलट वागले तर नेमके काय बिघडते? त्यासाठी एक उदाहरण डोळ्यांसमोर आणू. असाच एक घरगुती कार्यक्रम आहे, माणसे पन्नासच्या आसपास आहेत, आणि बोलण्याचे काम घरातल्या थोरल्या मुलीकडे आहे. ती माइक घेत नाही. आधी आत जाऊन स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना हातातले काम तसेच ठेवून बाहेर यायला लावते, ते येऊन उभे राहीपर्यंत थांबते, आणि मग हे असे बोलते:

‘जेवायला वाढण्याआधी दीड मिनिट घेते. सामान आलं त्या दिवशी लिफ्ट बंद होती, आणि आमचं कपाट तीन मजले हातांवर चढलं. ते ज्यांनी चढवलं त्यांचे खांदे अजून दुखत असतील. रंगकाम चालू असताना शेजारच्यांनी महिनाभर आवाज आणि धूळ सोसली, आणि तक्रार करायची सोडून आमच्या कारागिरांना पाणी दिलं. त्या कारागिरांपैकी दोघे आज आले आहेत. या दाराची चौकट त्यांनी दोनदा काढून पुन्हा बसवली, आम्ही सांगितलं नसताना. आज तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसला आहात त्या चार घरांतून आल्या आहेत, आणि कुठली कोणाची हे मागे खडूने लिहून ठेवण्याचं डोकं आमच्या मावशीचं. खालून तुम्हाला वर घेऊन आली ती मुलं सकाळपासून बसलेली नाहीत. काहींनी काहीच उचललं नाही, फक्त रोज रात्री फोन करून झोपलात का विचारलं, आणि त्या दिवसांत तेही खूप होतं. ज्यांना आज येता आलं नाही त्यांना मी उद्या फोन करणार आहे. आई-बाबा, तुम्ही महिनाभर आम्हाला तुमच्या घरात सांभाळून घेतलंत. सगळ्यांचे मनापासून आभार. आता वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करू, चला जेवायला.’

यातला अनर्थ नीट पाहावा. तिने एकही नाव घेतले नाही, त्यामुळे कोणाचे नाव राहिले अशी तक्रार करायला जागाच ठेवली नाही. तिने कामे सांगितली, आणि कपाट म्हणताच सहा जणांनी एकमेकांकडे पाहून खांदे चोळले. सातवा, जो फक्त खाली उभा राहून ‘जरा डावीकडे’ म्हणत होता, त्यानेही चोळले, आणि त्याला अडवता आले नाही. बरे, ‘खूप खूप मदत केली’ असे म्हणून भागले असते, तर तिने खडू आणि चौकट असले बारकावे काढले, जे केवळ लक्ष असलेल्या माणसालाच ठाऊक असतात, आणि त्यामुळे ज्यांचा उल्लेख झाला नाही त्यांनाही वाटले की आपले काम हिने पाहिलेले असणार. शेवटी तर ऋणात राहायचे सोडून तिने स्वतःच्या आई-वडिलांचे सरळ आभार मानले. बाबा खिडकीबाहेर पाहू लागले, हे घरात किती परकेपणा आला आहे त्याचे लक्षण म्हणावे लागेल.

एवढे मात्र मान्य केले पाहिजे की ही पद्धत पन्नास-साठ माणसांच्या घरगुती मेळाव्यातच चालते, कारण कोणते काम कोणाचे हे तिथे सर्वांना ठाऊक असते. सभागृहात चारशे माणसे असतील, तर कपाट कोणाचे आणि खांदे कोणाचे हे अर्ध्या लोकांना कळणार नाही. तिथे एखादे नाव घ्यावे लागते, आणि एखादे घेतले की यादीचा मार्ग पुन्हा खुला होतो. तेव्हा आपण निराश होऊ नये.

आपले भाषण योग्य दिशेने चालले आहे की नाही, हे बोलता बोलताही ओळखता येते. टाळ्या एका कोपऱ्यातच वाजू लागल्या आणि प्रत्येक नावागणिक तो कोपरा बदलू लागला, म्हणजे जो तो आपापल्या माणसापुरती टाळी वाजवत आहे, असे समजावे. मागच्या रांगेत कोणी बोटे मोडत नावे मोजत असेल, तर आपल्याला यश फार दूर नाही. ‘आणि शेवटी’ असे म्हणून तिसऱ्यांदा नव्या परिच्छेदाकडे वळताना वाढप्यांनी आपल्याला न विचारता वाढायला सुरुवात केली, की खाली बसायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी रुसव्यांची माहिती येऊ लागेल. तेव्हा घाबरून न जाता प्रत्येकाला स्वतंत्र फोन करावा आणि सांगावे की आपले नाव यादीत अगदी ठळक होते, पण कागदाची घडी नेमकी त्याच ओळीवर पडली होती. हे कारण बऱ्याच जणांना पटते. दोन सख्ख्या जावांना मात्र एकाच दिवशी ते सांगू नये, कारण संध्याकाळपर्यंत त्या दोघी मिळून कागदाला एकूण किती घड्या होत्या याचा हिशेब करतात.