फळ्यावर एक ओळ लिहायला काय होतं?

आज डोकं फिरलंय माझं. धाकट्या बहिणीचा बी.कॉम.चा अकाउंट्सचा पेपर होता, इथंच कोल्हापुरात. दोन्ही कानांनी तिला ऐकू येत नाही. कार्ड आहे, सर्टिफिकेट आहे, तासाला 20 मिनिटं जादा वेळही मंजूर आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास जास्त. केंद्रवाल्यांच्या मते तेवढं दिलं की जबाबदारी संपली.

अर्ध्या तासानं सुपरवायझर दारात उभ्या राहून बोलल्या, "प्रश्न दोनमध्ये मशिनरीवर घसारा 10 टक्के छापलाय, तो 15 धरा." सगळ्या वर्गानं खोडून 15 केलं. हिची मान खाली, पेपर लिहिण्यात. हिला कळणार कसं? मशिनरी 80 हजारांची. हिनं 8 हजार घसारा काढला, हवा होता 12 हजार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताळेबंद जुळला! जुळणारच. घसारा नफ्यातूनही वजा होतो आणि मशिनरीतूनही, दोन्ही बाजू सारख्याच उतरतात. चूक झाल्याचा पत्ताच लागत नाही. मग तो जादा तास काय कामाचा? बाहेर आल्यावर मैत्रिणीची प्रश्नपत्रिका बघून पोरगी रडायला लागली.

विचारायला गेले तर उत्तर काय, "तिनं मशीन लावलंय की कानाला!" अहो, मशीन आवाज मोठा करतं. पंख्याची घरघर, बाकांची ओढाताण, सगळंच मोठं होतं. त्यातून दारातलं बोलणं वेगळं काढता येत नाही. आणि ओठ वाचायचे तर प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. त्यातून बोलणारा फळ्याकडं तोंड करून बोलला की संपलंच.

तोंडी परीक्षेत तर कहरच. मागच्या खेपेला बाहेरून आलेले परीक्षक मार्कशीटमध्ये डोकं घालून प्रश्न विचारत होते. सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला, तर म्हणे सोय नाही. आईला बसू द्या म्हटलं, तर म्हणे ती उत्तरं सांगेल. बरोबर आहे, घरचं माणूस नको. मग तुमचा दुभाषी आणा! त्याला परीक्षकाच्या शेजारी, तिच्या समोर बसवा आणि विषयातले शब्द आदल्या दिवशी द्या. घसारा, तरतूद, येणी असल्या शब्दांच्या खुणा ऐनवेळी कुठून काढणार तो? तेही जमत नसेल तर प्रश्न कागदावर लिहून तिच्यापुढं सरकवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करा असं लिहिलंय. जादा वेळ हे त्यातलं एक उदाहरण आहे, अख्खा कायदा नव्हे.

पुढच्या पेपरला मी लेखी अर्ज घेऊन जाणारे. प्रत्येक सूचना फळ्यावर लिहा आणि तिच्या बाकापाशी येऊन बोटानं दाखवा, एवढंच मागणं. आणि शिक्क्यानिशी पोच हातात पडल्याशिवाय ऑफिसमधून हलणार नाही.