पिवळ्या रंगातली एक्केचाळीस नावं

परवा आमच्या कॉलेजात एक बैठक झाली. कॉलेज कुठलं ते विचारू नका, अजून काही वर्षं नोकरी करायची आहे. टेबलावर एक्सेलचा प्रिंटआउट होता. प्रथम वर्षाच्या ६०० असाइनमेंट 'एआयने लिहिलंय का' हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढल्या होत्या आणि ४१ नावांवर पिवळा रंग आला होता. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "टूल नव्व्याण्णव टक्के अचूक आहे. म्हणजे या एक्केचाळीसात चुकून अडकलेला फार तर एखादा असेल. सगळ्यांना शून्य द्या, विषय संपवा."

मी संख्याशास्त्र शिकवतो. हीच चूक मी दरवर्षी पेपरात तपासतो. फरक एवढाच, की पेपरात तिचा एक मार्क जातो.

तो एक टक्का कशाचा, हा सगळा प्रश्न आहे. कंपनी जेव्हा 'चुकीच्या आरोपाचं प्रमाण एक टक्का' म्हणते, तेव्हा तो टक्का पिवळ्या नावांमधला नसतो. ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं त्या सगळ्यांमधला असतो. सहाशेपैकी साधारण साडेपाचशे मुलांनी स्वतः लिहिलं असेल असं धरा. त्यांचा एक टक्का म्हणजे पाच-सहा मुलं. म्हणजे कंपनीचा दावा अक्षरशः खरा मानला तरी त्या यादीत एकाऐवजी पाच-सहा निरपराध बसलेत. आणि कोणते, ते यादीवरून कळायला काही मार्ग नाही. सगळ्यांचा पिवळा सारखाच.

आता तो आकडा एकाऐवजी चार धरून बघा. ऐकायला चार टक्केही किरकोळच. पण साडेपाचशेचे चार टक्के म्हणजे २२. एक्केचाळीसात बावीस! अर्ध्याहून जास्त यादी निरपराधांची. एक आणि चार यांतला फरक जाहिरातीत कुणाच्या नजरेतही भरत नाही, पण इथे त्याने 'बहुतेक दोषी' या यादीची 'बहुतेक निर्दोष' अशी यादी केली. आमच्या टूलचा खरा आकडा आमच्या मुलांच्या लिखाणावर किती, हे त्या खोलीत एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

आणखी एक गंमत. समजा सहाशेच्या सहाशे मुलांनी प्रामाणिकपणे लिहिलं. तरी एक टक्क्याने सहा नावं पिवळी होणारच. म्हणजे एवढ्या ढिगाऱ्यावर टूल चालवलं की यादी जवळजवळ कधीच रिकामी येत नाही. आणि यादी आली की 'बघा, पकडले' असं आपल्याला वाटतं. काही पकडलं गेलंय की नाही, ते नुसत्या यादीवरून कळत नाही.

हे मी हवेतलं बोलत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये उतारेचोरी तपासणाऱ्या टर्निटिन कंपनीचा एआय शोधक बंद केला, तेव्हा कारणांमध्ये हाच हिशेब मांडला होता. २०२२ मध्ये त्यांच्याकडून ७५,००० पेपर टर्निटिनला गेले होते. कंपनीचा दावा एक टक्क्याचा. म्हणजे ७५० पेपरांवर खोटा शिक्का बसला असता. शाळेतली शेकडेवारी आहे हो ही, पण कुणीतरी बसून मांडली.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच जानेवारी २०२३ मध्ये असा शोधक काढला होता. त्यांनीच दिलेले आकडे असे: एआयने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर सापडतो आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर खोटा शिक्का बसतो. आमच्या सहाशेत ६० मुलांनी एआय वापरलं असं धरून ते आकडे लावले, तर खरे सापडतील सुमारे १६ आणि विनाकारण अडकतील सुमारे ४९. पासष्ट मुलांना ऑफिसबाहेर उभं करायचं, त्यातल्या एकोणपन्नास जणांनी काहीच केलेलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यातले चव्वेचाळीस कँटीनमध्ये वडापाव खातायत. अचूकता कमी म्हणून तो शोधक त्याच वर्षी जुलैत बंद झाला.

इथवर मी गृहीत धरलं, की चूक सगळ्यांवर सारखी पडते. तशी ती पडत नाही, आणि माझा खरा राग इथे आहे.

यादीतली एक मुलगी माझ्या वर्गात आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिने फुलस्केप वहीच आणून समोर ठेवली. पेन्सिलीने लिहिलेला कच्चा मसुदा, मधे खाडाखोड, समासात डिक्शनरीतून उतरवलेले मराठी अर्थ. इंग्रजी वाक्यं छोटी, एकसुरी, गाइडात असतात तशी. शब्द मोजकेच, तेच तेच. असे बरेच शोधक मजकुराचा अंदाज किती सहज बांधता येतो ते बघतात: पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मशीनचा संशय जास्त. ज्याच्याकडे परक्या भाषेतले शब्दच थोडे, त्याचं लिखाण अपेक्षितच असणार ना?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात शोधकांतून काढले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर खोटा शिक्का. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक नीट पार पडले. पुढे त्यांनी तेच टोफेलचे निबंध चॅटजीपीटीकडून शब्द सुधारून घेतले, तर खोटे शिक्के १२ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे आमच्या मुलीने खरंच एआयची मदत घेतली असती, तर कदाचित ती सुटली असती. यावर काय बोलायचं?

बैठकीत एकाने सुचवलं, 'दुसऱ्या टूलने खात्री करून घेऊ.' ऐकायला बरं वाटतं. पण दोन्ही टूलं एकाच खुणेकडे बघत असतील, तर दुसरं टूल म्हणजे दुसरा साक्षीदार नव्हे, पहिल्याचाच सख्खा भाऊ. त्या ९१ पैकी १८ निबंधांवर तर सातही शोधकांचं एकमत झालं होतं. सगळे माणसांनी लिहिलेले. शिवाय हीच मुलगी तीन वर्षांत चाळीसेक असाइनमेंट देणार. दरवेळी एकच टक्का धोका, आणि प्रत्येक वेळ वेगळी धरली, तरी एकदा तरी अडकण्याची शक्यता ३३ टक्के होते. तिच्या इंग्रजीला तो धोका एक टक्क्यावर थांबणार नाही, हे वर आलंच.

मी एवढंच मागितलं: प्रत्येक यादीच्या वर एकूण किती असाइनमेंट तपासल्या ते लिहा, त्यातली किती नावं निव्वळ चुकीने येऊ शकतात तेही लिहा, आणि शून्य देण्याआधी प्रत्येकाला कच्चा मसुदा घेऊन पंधरा मिनिटं समोर बसवा. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या. तिसरीवर आमचे ज्येष्ठ सहकारी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत होते. मग वर बघून म्हणाले, "एक्केचाळीस गुणिले पंधरा. सव्वादहा तास होतात हो."

होतात. उद्यापासून सुरू करतोय, पहिली चार मुलं सकाळी साडेनऊला.