हेपरिन, प्लेटलेट आणि एक अपुरा सल्ला

«हेपरिनमुळे रक्त पातळ होते आणि गाठ विरघळते. ते चालू असताना प्लेटलेट उतरल्या तर रक्तस्रावाचा धोका असतो. हेपरिन बंद करून प्लेटलेट चढवल्या की प्रश्न मिटतो.»

पहिले विधान औषधाच्या कामाविषयी आहे आणि ते चुकीचे आहे. आपल्या रक्तात अँटिथ्रोम्बिन नावाचे प्रथिन मुळातच असते आणि ते गोठण प्रक्रियेतील थ्रोम्बिन व दहावा घटक यांना संथपणे निष्प्रभ करीत असते. हेपरिन या प्रथिनाला चिकटते, त्याचा आकार बदलते आणि त्याचा वेग सुमारे हजारपटीने वाढवते. त्यामुळे नवी गाठ होणे आणि जुनी वाढणे थांबते. झालेली गाठ मात्र शरीराची स्वतःची यंत्रणा हळूहळू विरघळवते.

दुसरे विधान अधिक घातक आहे. प्लेटलेट कमी म्हणजे रक्तस्राव, हे समीकरण डेंग्यूच्या साथींमुळे आपल्याकडे घरोघरी पक्के झाले आहे, परंतु हेपरिनमुळेच प्लेटलेट घटण्याच्या ‘हेपरिन-इंड्युस्ड थ्रोम्बोसायटोपेनिया’ या विकारात ते उलटे पडते. प्लेटलेटमधून बाहेर पडणारे ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ हे धनभारित प्रथिन ऋणभारित हेपरिनशी जोडले जाते, आणि काही थोड्या रुग्णांचे शरीर या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्या जोडीला धरून प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर बसतात आणि प्लेटलेटना चेतवतात. चेतलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणखी फॅक्टर ४ सोडतात आणि थ्रोम्बिनची निर्मिती भडकते. म्हणजे तपासणीतला आकडा घसरतो तो प्लेटलेट गाठी बनवण्यात खर्च होत असल्यामुळे. म्हणूनच या विकारात आकडा सहसा वीस हजारांच्या खाली जात नाही, आपोआप रक्तस्राव क्वचितच होतो, आणि पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा धमनीत गाठ होण्याची भीती मात्र खरी असते.

समजा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाला त्वचेखाली हेपरिन सुरू केले. आधीचा आकडा २,६०,००० होता. शस्त्रक्रियेनंतर तो थोडा उतरून पुन्हा वर आला. सातव्या दिवशी मात्र तो १,०५,००० झाला आणि त्याच दिवशी पोटरी सुजून दुखू लागली. एक लाखाचा आकडा फारसा वाईट नाही, असे म्हणून येथे पुढे जाणे धोक्याचे आहे. डॉक्टर चार गोष्टी तपासून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण देतात: घसरण निम्म्याहून अधिक आहे का, ती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान झाली का, नवी गाठ आहे का, आणि दुसरे सबळ कारण दिसते का. सोनोग्राफीत शिरेत गाठ दिसली आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरे औषध असे कारण सापडले नाही, तर या रुग्णाचे आठपैकी आठ गुण भरतात, आणि प्रतिपिंडांच्या चाचणीचा अहवाल येण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. उलट पहिल्या दोन-तीन दिवसांत झालेली किरकोळ घट बहुधा निरुपद्रवी असते. तीन किंवा त्याहून कमी गुण असतील तर या विकाराची शक्यता फारच कमी राहते, आणि अशा वेळी घाबरून हेपरिन तोडले तर ज्या गाठीसाठी ते दिले होते तिलाच मोकळीक मिळते. लवकर झालेली घट निरुपद्रवी मानण्याला एक अपवाद आहे: गेल्या तीनेक महिन्यांत हेपरिन घेतलेल्या रुग्णात जुनी प्रतिपिंडे शिल्लक असतील तर आकडा एका दिवसातही कोसळू शकतो.

आता तिसरे विधान. हेपरिन बंद करणे आवश्यकच आहे, पण ‘बंद’ याचा अर्थ कसोशीने पाळावा लागतो. सलाईनची नळी धुण्यासाठी वापरलेले, डायलिसिसच्या यंत्रातले आणि एनोक्सापॅरिनसारखे लघुरेणू हेपरिन, हे सारेच थांबले पाहिजे. एवढे करूनही चेतलेल्या प्लेटलेट लगेच शांत होत नाहीत. नुसते हेपरिन थांबवलेल्या रुग्णांतही पुढील काही आठवडे गाठ होण्याचा धोका मोठा राहतो. म्हणून अर्गाट्रोबान, बायव्हॅलिरुडिन किंवा फोंडापॅरिनक्ससारखे दुसरे गोठणरोधक पूर्ण मात्रेत लगेच द्यावे लागते. वारफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल या गोठणरोधक गोळ्या त्या वेळी सुरू करणे ही गंभीर चूक ठरते, कारण ही औषधे गोठणरोधक प्रथिन ‘सी’ आधी खाली आणतात आणि पायाला गँगरीन होऊ शकते. प्लेटलेट दीड लाखाच्या आसपास स्थिरावेपर्यंत त्यांना थांबवावे लागते. प्लेटलेट चढवणे म्हणजे याच आगीत नवे इंधन टाकणे होय. मोठा रक्तस्राव चालू असेल किंवा रक्तस्रावाचा मोठा धोका असलेली प्रक्रिया टाळता येत नसेल, तरच त्यांचा विचार होतो.

हा विकार विरळ आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधे हेपरिन घेणाऱ्यांत तो शंभरात एक ते पाच जणांना होतो, तर लघुरेणू हेपरिनने बराच कमी. तो झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ही नोंद ठळकपणे असली पाहिजे, आणि पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी, अँजिओग्राफीआधी आणि डायलिसिसआधी ती नातेवाइकांनी स्वतःहून दाखवली पाहिजे.