रजेची नोटीस लावण्याची रीत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या, नाहीतर मच्छे-होनग्याकडच्या एखाद्या फौंड्रीत नवं रजा धोरण लोकांना सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर घाबरू नका. मी एका फौंड्रीच्या टाईम ऑफिसात बावीस वर्षं मस्टर भरलं. एवढ्या काळात रजेच्या चार नोटिसा लागल्या आणि चारही कुणाला कळल्या नाहीत. ही काही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. त्याला हात बसावा लागतो.

आधी भाषेचं उरकून घेऊ. नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावी, असं 1948 च्या कारखाना कायद्यानं म्हटलं होतं. साचे करायच्या मोल्डिंगला येळ्ळूर-कंग्राळीचे, ओतीव माल घासून साफ करायच्या फेटलिंगला चंदगडकडचे, भट्टीवर बैलहोंगलचे. बहुसंख्यांची भाषा कोणती, हा प्रश्न बेळगावात चहाच्या गाड्यावरसुद्धा जपून काढतात, तिथं तुम्ही तो नोटिशीच्या फळ्यावर कशाला काढता? बेंगळूरच्या हेड ऑफिसनं पाठवलेलं इंग्रजी जसंच्या तसं डकवा. मराठीवाले नाराज, कन्नडवाले नाराज, म्हणजे अन्याय कुणावरच नाही.

मग पहिला परिच्छेद, 'का' सांगणारा. इथं खरं कारण लिहायचं नाही, हा नियम. आमच्याकडचं खरं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नोव्हेंबरात भाताची सुगी आली की मोल्डिंगच्या अठरा माणसांतली सात-आठ गायब. भट्टी तापलेली, आत रस तयार, आणि साचे निम्मेच भरलेले. रस काही उद्यापर्यंत थांबत नाही. शेवटी तो नुसत्या पिगात, म्हणजे ठोकळ्यांत, ओतायचा आणि पुढच्या हीटला पुन्हा वितळवायचा. विजेचं बिल दोनदा, माल एकदाही नाही. हेच मालकानं गेटवर उभं राहून सांगितलं असतं, 'बाबांनो, सुगीला सगळे एकदम जाऊ नका, पाळ्या लावा,' तर निम्मी माणसं तिथल्या तिथं कबूल झाली असती. शेती त्यांची आहे तशी भट्टीही त्यांचीच. पण मग धोरण कशाला लागलं असतं? म्हणून नोटिशीत आलं, 'मनुष्यबळाच्या अधिक परिणामकारक नियोजनासाठी'. हे वाक्य मी फेटलिंगच्या एका पोराला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माणसं कमी करणार काय ओ?" दुपारपर्यंत ती बातमी मशीन शॉपपर्यंत पोचली होती. एवढ्या वेगानं आमचं डिस्पॅच कधी हललं नाही.

आता 'काय बदललं' हा भाग. हा कौशल्याचा. जुनं आणि नवं शेजारी शेजारी चुकूनही छापू नका, कारण मग माणूस बोट ठेवून वाचतो. नवं धोरण नऊ पानी असू द्या आणि त्यात जुनाच मजकूर आठ पानं असू द्या. वीस दिवस कामामागं एक दिवस भरपगारी रजा, हे पहिल्यापासूनच आहे, तेच नव्यानं मोठ्या अक्षरांत छापा. लोकांना वाटेल, काही तरी दिलं. रजा लागू व्हायला वर्षात 240 दिवस भरावे लागत, नव्या कामगार संहितेत ती अट 180 वर आली. हा बदल खरोखर कामगाराच्या सोयीचा, त्यामुळं तो शेवटच्या पानावर, सहीच्या वर. आणि ज्या एका ओळीसाठी हा सारा खटाटोप, ती मधे कुठं तरी: 'वर्षअखेरीस 30 पेक्षा जास्त शिल्लक रजा रद्द समजण्यात येईल.'

या ओळीपाशी मात्र थोडं थांबा, कारण आमची नोटीस इथंच अडकली. येळ्ळूरचे एक मामा, मोल्डिंगमधले. वयानं मोठे म्हणून सगळेच मामा म्हणायचे, मालकसुद्धा. त्यांच्या खात्यावर मागची 24 दिवस रजा पडून होती. सरत्या वर्षात ते 276 दिवस कामावर आले. भागिले वीस केलं की 13.8 येतात, आणि अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असला की पुरा दिवस धरायचा, म्हणून 14. चोवीस अधिक चौदा, अडतीस. तीसची मर्यादा लावली की आठ दिवस वर जातात. बेंगळूरच्या कॉम्प्युटरनं ते आठ पुसले. पगाराच्या स्लिपवर रजा शिल्लक 30 आली, बाकी काही नाही.

मामा खिडकीशी आले. "माजी आट रजा कुठं गेली ओ?"

मी म्हटलं, "नव्या धोरणात गेली, मामा."

"मी कुठं घेटलो? मागटलो तर दिला न्हाईत."

आणि त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशन कार्ड, एक देवीचा फोटो, आणि चार घड्या घातलेला कागद. सुगीसाठी दहा दिवसांची रजा मागणारा अर्ज. तारीख 10 ऑक्टोबर, रजा 3 नोव्हेंबरपासून. म्हणजे पंधरा दिवस आधी अर्ज देण्याची अटसुद्धा पाळलेली. खाली सुपरवायझरचा शेरा, हिरव्या शाईत: 'डिस्पॅच आहे. नंतर बघू.' आणि सही.

तुम्ही या धंद्यात नवे असाल तर सांगतो, या हिरव्या शाईला भ्यायचं. रीतसर मागूनही नाकारलेली रजा त्या तीसच्या मर्यादेत मोजत नाहीत. ती मर्यादेच्या वर पुढच्या वर्षात जाते. जुन्या कायद्यातही तसंच होतं, नव्या संहितेतही तसंच आहे. मामांचे नाकारलेले दिवस दहा, मर्यादेवरचे आठ. म्हणजे एकही दिवस रद्द होत नव्हता. अडतीसचे अडतीस शाबूत.

तेव्हा यातून तुम्ही काय शिकायचं? नोटिशीत 'नाकारलेली रजा वगळून' हे तीन शब्द घालायचे? छे! सुपरवायझरांना शिकवायचं की अर्जावर कधी लिहू नये. अर्ज हातात घ्यावा, मान हलवावी, खिशात घालावा. दुसरी प्रत तर कधीच सही करून परत देऊ नये. तोंडी नकाराला शिल्लक नसते. त्या वर्षी मोल्डिंगमधल्या आणखी पाच जणांनी सुगीची रजा मागितली होती, पण तोंडी. त्यांचे वरचे दिवस गेले ते गेलेच. मामांनी कागद मागून घेतला होता, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. वाचता येणाऱ्यांना वाटतं, लक्षात राहील.

'कधीपासून' हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. आमची नोटीस लागली 14 फेब्रुवारीला आणि तिच्यात लिहिलं होतं, '1 जानेवारीपासून लागू'. ही पद्धत उत्तम. माणूस वाचतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. कुणी म्हणेल, कामगारांच्या पगारी रजा-सुट्ट्यांत बदल करायचा तर आधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ही अट 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, नव्या संहितेतही राहिली आहे. त्या हिशोबानं 14 फेब्रुवारीची नोटीस मार्चचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय अंगाला लागत नाही, आणि जानेवारीकडं मागं तर अजिबात जात नाही. असं म्हणणारा माणूस युनियनचा असतो किंवा माझ्यासारखा रिटायर झालेला. दोघांनाही चहा पाजावा.

सणांच्या सुट्ट्यांबद्दल दोन शब्द. कर्नाटकच्या 1963 च्या कायद्यानं पाच सुट्ट्या नेमून दिल्यात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर. 1 नोव्हेंबरला आपल्या गावात कोण कोणत्या रंगाचं काय घेऊन निघतो यात कंपनीनं पडू नये, गेट बंद ठेवावं आणि तेवढं पुरे. उरलेल्या पाच सणांच्या. त्या ठरवताना कुणाला विचारू नका. विचारलंत तर कळेल की बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला आणि बसव जयंती दुसऱ्याच दिवशी तृतीयेला. एकीला सुट्टी दिली की दुसरीचे लोक आपणच घेतात, आणि पुढं चित्ररथाची रात्र असतेच. त्यापेक्षा वैशाखातल्या सगळ्याच गैरहजेरीला 'अनियोजित' असं नाव द्या. पंचांग वर्षभर आधी छापून येतं हे विसरून जा.

शेवटी, 'कुठं विचारावं'. आमच्या नोटिशीत होतं, 'अधिक माहितीसाठी संबंधित विभागाशी संपर्क साधावा', आणि खाली बेंगळूरचा ईमेल. मोल्डरनं हातावरची काळी वाळू झटकून ईमेल लिहावा, ही कल्पना फार सुंदर आहे, मला आजही आवडते. फोन लावला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात कन्नडमधून सांगायची की तुमची तक्रार नोंदवली आहे. मामा घरी जाऊन सांगायचे, "नोंदवल्यात."

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, ती तुम्ही टाळा. मालकाच्या मुलानं एकदा सहज म्हटलं, मंगळवारी चार ते पाच टाईम ऑफिसच्या खिडकीत बसा, रजेचं रजिस्टर उघडं ठेवा, ज्याला बघायचं तो बघू दे. पहिल्या मंगळवारी रांग कॅन्टीनपर्यंत गेली. दुसऱ्या मंगळवारी निम्मी. चौथ्या मंगळवारी तिघेच आले, त्यातला एक सहकुटुंब यल्लम्माला जायचं म्हणून चार महिने आधी तारीख लिहून द्यायला आला होता. मामा तेव्हाही आले. आपले अडतीस त्यांनी मला बोट ठेवून मोजायला लावले, आणि मग त्या पिशवीतून कोरा कागद काढला.

"नोव्हेंबरचं आत्ताच लिवा की," म्हणाले. "आणि साहेबाला सांगा, हिरव्यानंच सही करू द्या."