कोठा गोड करण्याची रीत

सकाळी तुम्ही आत बसलेले आहात, कपाळावर घाम आहे, आणि वीस मिनिटांच्या वाटाघाटींनंतर समोरच्या पक्षाने शेळीच्या लेंड्यांसारखे चार खडे तेवढे सोडले आहेत. बाहेर आल्यावर घाबरू नका. घरात कोणीतरी गुळाचा खडा घेऊन उभे असतेच. खड्यावर खडा. निमूटपणे तोंडात टाका. गूळ का, असे विचारायचे नसते. गूळ सारक असतो हे सगळ्यांना माहीत आहे; ते कसे माहीत झाले, हे मात्र कोणालाच माहीत नाही.

उपचाराला बसण्याआधी एक पथ्य पाळा. औषध रोगाच्या जागेपर्यंत पोचलेच पाहिजे, असा हट्ट धरू नका. शी कडक होते मोठ्या आतड्यात. लहान आतड्याकडून तिथे दिवसाला साधारण दीड लिटर पातळ लगदा येतो. मोठे आतडे त्यातले पाणी शोषत राहते आणि शेवटी शंभर-दीडशे मिली पाणी उरलेला गोळा बाहेर जातो. हा लगदा आत जितका रेंगाळेल तितका तो आणखी सुकतो, मग त्याचे खडे होतात. म्हणजे दुखणे तळमजल्यावर आहे. तुम्ही खाल्लेली साखर वरच्या मजल्यावर, लहान आतड्यातच, शोषली जाऊन रक्तात पोचते. तळमजल्याला तिचा वासही लागत नाही.

एवढ्यावर भागत नाही. साखर आत जाताना मिठाला सोबत घेते आणि त्या दोघांच्या मागून पाणीही आत जाते. जुलाब झालेल्याला आपण साखर-मीठ-पाणी पाजतो ते याच कारणाने, पाणी शरीरात शिरावे म्हणून. पातळ झाली तरी साखरपाणी, कडक झाली तरी गूळपाणी. इतके निःपक्षपाती औषध दुसरीकडे मिळणार नाही.

गुळाचा भक्त यावर म्हणेल, "साखर सोडा हो, गुळात खनिजे असतात. मॅग्नेशियम असते, ते पोट साफ करते." बरोबर आहे. मॅग्नेशियम आतड्यात पाणी खेचून धरते आणि त्याची औषधे खरोखर चालतात. तेव्हा हिशोबच करून टाकू. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या, खडूच्या चवीच्या मॅग्नेशियमच्या औषधाच्या १५ मिलीमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. १०० ग्रॅम गुळात ते ८० मिलिग्रॅमच्या आसपास भरते, गुळागणिक थोडे कमीजास्त. म्हणजे एका मात्रेची बरोबरी करायला सहाशे ग्रॅमहून जास्त गूळ एका बैठकीत संपवा. सकाळचा दहा ग्रॅमचा खडा आठ मिलिग्रॅम देतो. तेवढ्याने आतड्याला काही कळले, तर तो आतड्याचा मोठेपणा.

मधाची गोष्ट जरा वेगळी, त्याच्याकडे निदान एक खरा मुद्दा आहे. मधात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा थोडे जास्त असते, आणि ग्लुकोजची सोबत नसलेले फ्रुक्टोज काहींना पुरते पचत नाही. न पचलेले खाली उतरते, पाणी धरून ठेवते, जंतू त्यावर ताव मारतात, आणि शी सैल होते. पण वीस ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात हे वरकड फ्रुक्टोज दीड-दोन ग्रॅमच निघते. परिणाम दिसायला पन्नास-शंभर ग्रॅम मध लागतो. तोही काहींनाच, आणि गॅस व पोटदुखी सोबत घेऊन. मग कोमट पाणी आणि मध घेऊन अर्ध्या तासात 'लागली' ती कशी? सकाळी पोटात काही कोमट पडले की मोठे आतडे आपोआप आकुंचन पावते, म्हणून. सगळे काम पाण्याने केले, सत्कार मधाचा झाला. (ज्या शास्त्राचे नाव घेऊन हा मध दिला जातो त्यात तापवलेला मध वर्ज्य आहे. पण शास्त्र वाचत बसलो तर गुण कधी यायचा?)

उपरोध बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला, त्याची शी कडक झाली म्हणून, बोटावरसुद्धा मध चाटवू नका. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. या विषाचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असते. पुढे रडणे क्षीण होते, मान लुळी पडते, दूध ओढता येत नाही. म्हणजे औषध देऊन रोग आणायचा, आणि रोगाचे लक्षण दिसले की औषध वाढवायचे.

आता पुन्हा उपदेशाकडे. उसाचा रस घ्या. चोथा नसल्यामुळे पोट साफ होत नाही हे तुम्हाला पटलेले आहे, आणि ऊस म्हणजे नुसता चोथा. फक्त हा चोथा चिपाड होऊन चरकाच्या पलीकडच्या बाजूला पडतो आणि अलीकडे तुमच्या पेल्यात पडते साखरेचे पाणी. अडीचशे मिलीच्या पेल्यात तीसेक ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, तंतू जवळजवळ शून्य. तरीही एखाद्याला रस पिऊन दुपारपर्यंत तीनदा धावावे लागते. तो लगेच ग्वाही देतो, "एका पेल्यात कोठा मोकळा!" त्याला ताप आणि मुरडाही आला असेल, तर कोठा मोकळा करणारा ऊस नसतो. बर्फ कुठल्या पाण्याचा होता तेवढे विचारून ठेवा.

शहाळ्याच्या पाण्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. त्यातला ९५ टक्के भाग पाणी आहे आणि ते पाण्याइतकाच गुण देते. दिवसभर घाम गाळून दोन पेलेच पाणी पिणाऱ्याला त्याने नक्कीच बरे वाटेल. साध्या पाण्यानेही वाटले असते. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी प्यायले तर ते लघवीवाटे जाते, खड्यापर्यंत पोचत नाही. एक गोष्ट मात्र त्यात भरपूर असते, पोटॅशियम. एका शहाळ्यात ते सहाशे मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मूत्रपिंड अधू असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रोजची दोन शहाळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

या चारही औषधांचा संपूर्ण प्रयोग आमच्या मामांनी केला आहे, तो तुमच्या कामाला येईल. वय ६४. महिनाभर दर चौथ्या-पाचव्या दिवशी होत होती, तीही कुंथून. सोमवारी त्यांनी वीस ग्रॅम गूळ सुरू केला. मंगळवारी मोठा चमचाभर मध वाढवला, बुधवारी रसाचे दोन पेले, गुरुवारी दोन शहाळी. आधीचे काही बंद केले नाही, कारण कशाने गुण येईल सांगता येत नाही. गुरुवारची बेरीज मी मागाहून केली: गुळाची अठरा, मधाची सोळा, रसाची पासष्ट आणि शहाळ्यांची वीस, मिळून एकशेवीसच्या आसपास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना बाहेरून घेतलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा साधारण पन्नास ग्रॅम सांगते. त्यातून 'पोट जड आहे' म्हणून मामांनी जेवण अर्ध्यावर आणले, भाजी आणि डाळ सोडली. म्हणजे शी मऊ आणि भरीव करणारा जो काही चोथा पोटात जात होता, तोही थांबला.

शुक्रवारी सकाळी झाली. मामांनी शहाळ्याच्या नावाने हात जोडले. सोमवारी झाली असती तर गुळाला जोडले असते. मागची झाली होती रविवारी, तेव्हा गुरुवार-शुक्रवारी ती एरवीही आलीच असती. माणूस उपचाराला लागतो तो सगळ्यात वाईट दिवशी, आणि सगळ्यात वाईट दिवसानंतर जरा बरा दिवस येतोच. मधल्या वेळात हातात जो पेला असेल तो औषध ठरतो.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि एवढेच विचारले, "गेल्या दोन महिन्यांत नवीन गोळी कोणती?" गुडघ्यांसाठी कॅल्शियम सुरू झाले होते आणि अशक्तपणासाठी कोणीतरी सुचवलेली लोहाची गोळी. दोन्ही शी कडक करण्यात वाकबगार. रक्त तपासले, लोहाची गरजच नव्हती, ती बंद झाली. कॅल्शियमची मात्रा बदलली. भाजी, डाळ, फळे पुन्हा ताटात आली, हळूहळू वाढवत, कारण चोथा एकदम वाढवला की पोट फुगते. आणि काही दिवसांसाठी रात्री १५ मिली लॅक्टुलोज.

हे लॅक्टुलोज म्हणजे गोड, चिकट पाक. तीही एक साखरच, पण आपल्या लहान आतड्याला ती फोडता येत नाही. म्हणून ती न शोषता थेट तळमजल्यावर उतरते, पाणी धरून ठेवते आणि गोळा मऊ करते. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, सुरुवातीला गॅस होतो. गुळाकडून जी अपेक्षा होती ती पुरी करणारी ही साखर, आणि तिची लायकी एवढीच की ती पचत नाही.

आता यशाची एक खूणही शिकून घ्या, म्हणजे फसगत होणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला आठ दिवस झाली नाही, रस पाजला, आणि दिवसभर थोडे थोडे पाणी झिरपू लागले, कपडे खराब होऊ लागले, तर घरचे म्हणतात, "सुटले एकदाचे." बहुधा सुटलेले नसते. खाली दगडासारखा गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ भाग त्याच्या कडेने निसटत असतो. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की काम पुरे होते. अशा वेळी, तसेच पोट फुगून वारा सरायचा बंद झाला, उलट्या सुरू झाल्या, शीतून रक्त गेले किंवा वजन उतरू लागले, तर पेला खाली ठेवून दवाखाना गाठा.

मामांचे सध्या उत्तम चालले आहे. परवा त्यांनी मला हा सगळा लेख वाचून दाखवायला लावला, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी गोडानेच झाले ना?" मग डबा उघडून गुळाचा खडा माझ्यापुढे धरला.