अडतीस स्लाइड, एक कागद आणि वीस बोंडं

मागच्या जुलैत आमच्या गावात गुलाबी बोंडअळीवर व्याख्यान झालं. वक्ते विद्वान, विषय त्यांच्या बोटांवर. अडतीस स्लाइड, दीड तास. शेवटी मागच्या रांगेतल्या काकाजींनी विचारलं, "साहेब, हे आर्थिक नुकसानीची पातळी म्हंजे बँकेचं काय जी?" सगळे हसले, साहेबही हसले, चहा आला आणि प्रश्न तिथंच राहिला.

मी कृषी सहायक. वरून सांगणं आलं की याच व्याख्यानाचं एका पानाचं घडीपत्रक करा, "सोप्या भाषेत, चित्रांसह". मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम. दीड महिना गेला.

पहिली चूक माझीच. मी वाक्यं सोपी करत बसलो. "फवारणी करण्यात यावी"चं "फवारा" केलं, "प्रादुर्भाव"चं "अळी लागणं" केलं, आणि अडतीस स्लाइड एका पानात दाटीवाटीनं बसवल्या. शेजारच्या एका बाईंना दाखवलं. कापूस वेचण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्या म्हणाल्या, "वाचलं. आता करू काय?"

तेव्हा डोक्यात शिरलं की कठीण शब्दांचा त्रास दुय्यम आहे. व्याख्यान अळीबद्दल होतं. वावरात उभ्या माणसाला सोडवायचं असतं एकच: आज फवारू की नको? आमच्याकडे याचं उत्तर बहुतेकदा कॅलेंडर देतं, अमावस्या आली की फवारा. नाहीतर शेजाऱ्याचा पंप देतो, त्याचा आवाज आला की आपलाही सुरू. म्हणून पत्रक या एका प्रश्नाभोवती बांधायचं ठरवलं आणि ज्याचा त्याच्याशी संबंध नाही ते सगळं कापलं. शास्त्रीय नाव, जीवनचक्राचा गोल, जगभरातला प्रसार, सगळं. वक्त्यांना जीवनचक्र गेल्याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

शास्त्राचं एकच वाक्य ठेवलं: अळी लहान असतानाच हिरव्या बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं, म्हणून बाहेरून बोंड चांगलंच दिसतं. हे कळलं नाही, तर बोंड फोडून पाहायला कोण तयार होईल? हातची बोंडं फोडणं जिवावर येतंच.

आता त्या "पातळी"चं, म्हणजे कीड किती झाली की फवारणं परवडतं याचं, काय केलं ते सांगतो. स्लाइडवर होतं: मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी 5, सलग 3 रात्री प्रति सापळा 8 पतंग, किंवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त फुलं-बोंडं. शिफारस बरोबर आहे, पण आमच्याकडे कोणी हेक्टरात बोलत नाही. म्हणून एकरी 2 सापळे लिहिलं. "पेरणीनंतर 45 दिवसांनी"च्या जागी "पात्या दिसल्या की लावा" लिहिलं. पेरणीची तारीख विसरते, पाती म्हणजे कळी, ती डोळ्यांना दिसते.

एवढं करूनही घोटाळा झालाच. कच्चं पत्रक मी सहा जणांना दिलं आणि म्हटलं, वाचून दाखवू नका, करून दाखवा. एका भाऊंनी चौथ्या दिवशी फोन केला, "सव्वीस पतंग झाले, फवारू का?" विचारल्यावर कळलं की सापळा त्यांनी एकदाही रिकामा केला नव्हता. तीन रात्रींचे मिळून सव्वीस, म्हणजे रात्रीला नऊच्या आसपास. तेव्हा ते पातळीच्या वरच निघाले, पण आठवडाभर थांबले असते तर रात्रीला चारच्या हिशोबानंही अठ्ठावीस दिसले असते आणि पंप उगाच निघाला असता. "रोज सकाळी मोजा आणि मोजून झाले की काढून टाका" हे वाक्य अडतीस स्लाइडांत कुठंच नव्हतं. वक्त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. असली वाक्यं घरी बसून सुचत नाहीत.

10 टक्क्यांचं वीस बोंडं केलं. एकरात फिरून वीस वेगवेगळ्या झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडा, फोडा. दोनात किंवा जास्तीत अळी निघाली तर फवाऱ्याची वेळ आली. टक्के हा शब्दच गेला. पण सहापैकी दोघांनी सगळी बोंडं धुऱ्याकडच्या ओळीतून आणली (चिखलात आत कोण जाणार!) आणि एकानं फुटायला आलेली, कडक बोंडं तोडली. मग वावराचं चित्र काढून त्यात नागमोडी वाट दाखवली आणि लिहिलं, "ना कोवळं पोपटी, ना पक्कं कडक, मधलं."

चित्रांनी तर फार छळलं. पहिल्या मसुद्यात अळीचा टपोरा रंगीत फोटो होता, बोटभर लांब. एक आजोबा म्हणाले, "आमच्याकडं एवढी मोठी नाही, आमची वेगळी असंल." खरी अळी पूर्ण वाढली तरी सेंटीमीटरभराहून थोडी जास्त. आणि नावात गुलाबी असली तरी लहानपणी ती पांढुरकीच असते. गुलाबी दिसेपर्यंत आतली सरकी बरीच खाऊन झालेली असते. म्हणजे गुलाबी फोटो लोकांना उशिरा ओळखायला शिकवत होता! शिवाय पत्रकाची ग्रामपंचायतीत झेरॉक्स निघणार, त्यात फोटोचा काळा डाग होणार. म्हणून साधं रेघांचं चित्र काढून घेतलं: तळहातावर फोडलेलं बोंड, खऱ्या मापाचं, आत पांढरी बारकी अळी, डोकं तेवढं काळसर. शेजारी डोमकळी, पाकळ्या जाळ्यानं एकमेकींना चिकटलेल्या, न उमललेलं फूल. हे चित्र मात्र प्रत्येकानं पहिल्याच नजरेला ओळखलं.

फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कापसाच्या चित्रावर मी मोठी फुली मारली होती, "ठेवू नका" या अर्थानं. तिघांनी ती "इथं औषध मारा" अशी वाचली. मग फुली काढली आणि डिसेंबर संपता संपता उपटलेल्या पऱ्हाट्या व रिकामं वावर काढलं. काय करू नये हे चित्रात सांगायच्या फंदात पडू नका, हे माझं आता ठाम मत आहे.

कीटकनाशकांची नावं मी घातली नाहीत, आणि त्यावरून वाद झाला. साध्या पंपाची मात्रा वेगळी, पॉवर पंपाची वेगळी. चुकीच्या ओळीवर बोट गेलं की संपलं. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळात माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होत फिरणाऱ्या कागदावर मात्रा छापायची माझी हिंमत नाही. ती डब्यावरच्या लेबलावरून माणसासमोर बसून सांगायची. ही या पत्रकाची उणीव आहे, मान्य. अर्धं काम कृषी केंद्राच्या काउंटरवर सुटून जातं.

त्यावर इलाज म्हणून पत्रकाच्या तळाला एका फेरीच्या वीस बोंडांचे वीस रिकामे गोल छापले. बोंड फोडलं, अळी निघाली की गोल काळा करायचा आणि दुकानात जाताना कागद सोबत न्यायचा. (वरच्यांना त्या जागी बोधचिन्ह आणि पाच मार्गदर्शकांची नावं हवी होती. ती मागच्या पानावर गेली.)

सप्टेंबरात त्या कापूस वेचणाऱ्या बाईंच्या घरी गेलो. कागद चौकटीला खिळ्यानं टांगलेला. एक गोल काळा, खाली मुलाच्या अक्षरात तारीख. "एकच निघाली," त्या म्हणाल्या, "मग नाही फवारलं. आठ दिवसांनी पुन्हा फोडतो, पण गोल संपले. दुसरा कागद आणला का?"

नव्हता आणला. पुढच्या छपाईत गोलांच्या चार ओळी टाकतोय.