‘यील्ड’ आणि ‘मर्ज’: दुसऱ्याचा पाय ब्रेकवर जाता कामा नये

गेली अनेक वर्षे मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल विचारले, की बहुतेक शिकाऊ चालक पाटीवरच्या शब्दाचा अर्थ लगेच सांगतात. ‘यील्ड’ म्हणजे वाट द्या, ‘मर्ज’ म्हणजे मिसळा, ‘डायव्हर्जन’ म्हणजे दुसरीकडून जा आणि ‘नो स्टॉपिंग’ म्हणजे थांबू नका. अर्थ बरोबर असतो, पण त्या पाटीपाशी पोचल्यावर नेमके करायचे काय, असे विचारले की पुष्कळ जण गप्प होतात. परवा एका विद्यार्थिनीने यील्डच्या त्रिकोणापाशी गाडी आणली आणि विचारले, “सर, इथे थांबायचे की नाही, ते आधी सांगा.” तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘यील्ड’ लिहिलेली पाटी अमेरिकेतल्या टल्सा शहरात 1950 साली प्रथम लागली. क्लिंटन रिग्ज नावाच्या तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने ती सुचवली होती. काही देशांत त्याच अर्थाने ‘गिव्ह वे’ लिहितात, काही देशांत काहीच न लिहिता लाल काठाचा उलटा त्रिकोण लावतात. टोक खाली असलेला हा आकार मुद्दाम वेगळा ठेवलेला आहे, कारण पाटीवर चिखल किंवा बर्फ साचले, किंवा ती मागच्या बाजूने दिसली, तरी ती कोणती आहे हे ओळखता यावे.

वाट देणे म्हणजे काय, याची व्याख्या रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येक चालकाला पाठ असायला हवी. तिचा आशय असा, की आपण पुढे गेल्यामुळे दुसऱ्या वाहनाच्या चालकाला एकाएकी वेग किंवा दिशा बदलावी लागण्याची शक्यता असेल, तर आपण पुढे जायचे नाही. या व्याख्येत थांबण्याचा उल्लेख नाही, हळू जाण्याचाही नाही. तिचे सगळे लक्ष समोरच्या चालकाच्या पायाकडे आहे. माझ्यामुळे त्याचा पाय ब्रेकवर गेला, तर मी वाट दिली नाही. मग मी पाटीपाशी अर्धा मिनिट उभा असलो, तरी त्याने काही फरक पडत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. मुख्य रस्त्यावर गाड्या ताशी 60 किलोमीटरने धावत आहेत, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. मी बाजूच्या रस्त्याने येऊन त्याच दिशेने जाणाऱ्या मार्गिकेत शिरणार आहे. साधी गाडी घाई न करता सेकंदाला ताशी सात किलोमीटर या प्रमाणात वेग धरते, असे धरू. मी पूर्ण थांबून निघालो, तर 60 चा वेग गाठायला मला साधारण साडेआठ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मी सुमारे 70 मीटर जाईन आणि मागून येणारी गाडी सुमारे 140 मीटर येईल. म्हणजे माझा वेग तिच्याइतका होईपर्यंत आमच्यातले 70 मीटर अंतर संपलेले असेल. ती गाडी मी निघताना 70 मीटरवर असेल, तर ती माझ्या बंपरला टेकेल. 100 मीटरवर असेल, तर शेवटी 30 मीटर म्हणजे जेमतेम दोन सेकंदांचे अंतर उरेल आणि तिच्या चालकाला ब्रेक लावावा लागणार नाही. म्हणून या वेगाच्या रस्त्यावर, थांबून निघणाऱ्याला किमान सहा सेकंदांची मोकळी जागा हवी.

आता हेच मी न थांबता, ताशी 20 च्या वेगाने वाट पाहत आलो आणि जागा दिसताच शिरलो असे समजा. या वेळी वेगातला फरक 60 चा नसून 40 चा आहे आणि तो भरून काढायला पावणेसहा सेकंद पुरतात. तेवढ्यात आमच्यातले अंतर फक्त सुमारे 32 मीटरने घटते. म्हणजे 60 मीटर मोकळे असले, तरी शेवटी जवळपास तेवढेच अंतर उरते. यील्डची पाटी थांबायला का सांगत नाही, याचे कारण या दोन आकड्यांत आहे. रस्ता लांबपर्यंत दिसत असेल, तर सरकती गाडी दुसऱ्याला त्रास न देता निम्म्याहून थोड्याच जास्त जागेत शिरते. जिथे झाडी, भिंत किंवा वळण यांमुळे आधीपासून काही दिसत नाही, तिथे मुळात यील्ड नव्हे, ‘स्टॉप’ची अष्टकोनी पाटी लावायची असते, आणि तिथे रस्ता रिकामा असला तरी चाके पूर्ण थांबलीच पाहिजेत.

म्हणून त्या विद्यार्थिनीला मी सांगितले, की पाटी दिसताच वेग इतका कमी कर, की रस्त्यावरच्या तुटक रेषेपाशी थांबावे लागले तर सहज थांबता येईल. मग बघ. जागा असेल तर जा, नसेल तर थांब. आपण चुकलो की नाही, हे शिरल्यावर आरशात कळते. मागच्या गाडीचे नाक खाली झुकले, की तिच्या चालकाने ब्रेक दाबला असे समजावे. मी शिकवताना प्रत्येक वेळी शिरल्यावर तीन सेकंदांनी आरशात बघायला लावतो आणि विचारतो, “नाक झुकले का?” पंधरा दिवसांत विद्यार्थ्याला अंतराचा अंदाज येतो, तो कुठल्याही पुस्तकाने येत नाही.

या पाटीपाशी नेहमी होणारी एक टक्कर मात्र वेगळ्याच कारणाने होते. दोन गाड्या एकामागे एक उभ्या असतात. पुढची निघते, मागचा चालक मान वळवून मुख्य रस्त्याकडे बघतो, त्याला जागा दिसते आणि तोही निघतो. तेवढ्यात पुढच्याचे मन बदललेले असते आणि तो पुन्हा थांबलेला असतो. मागचा चालक बाजूला बघत असल्यामुळे त्याला ते दिसतच नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गाडी अशीच ठोकली गेली. मागून आलेला माणूस कळकळीने म्हणत होता, “पण रस्ता मोकळा होता ना!” रस्ता मोकळा होता, पण त्याच्या समोरची जागा मोकळी नव्हती. बाजूला कितीही पाहिले, तरी निघण्याआधीची शेवटची नजर समोर असली पाहिजे.

‘मर्ज’च्या पाटीवर वरची हीच गणिते लागू पडतात, फक्त वेग मोठे होतात. महामार्गावर शिरण्यासाठी बाजूला जी लांब मार्गिका ठेवलेली असते, ती वेग वाढवण्यासाठी असते. घाबरलेला चालक नेमक्या तिच्या शेवटी जाऊन थांबतो, आणि ही मला सर्वांत धोकादायक चूक वाटते. महामार्गावर 90 चा वेग असेल आणि आपण थांबून निघालो, तर वरच्याच हिशेबाने आपला वेग जुळेपर्यंत मागची गाडी 150 मीटरहून जास्त जवळ आलेली असते. तेच आपण 80 पर्यंत पोचून शिरलो, तर ती जेमतेम दोन मीटर जवळ येते. 30 वरून 80 वर जायला साधारण सात सेकंद आणि 110 मीटरच्या आसपास रस्ता लागतो, म्हणून बाजूच्या मार्गिकेवर आल्याआल्या वेग वाढवायला लागावे, शेवटाकडे बघून नव्हे. वेग वाढवताना आरसा, खांद्यामागची नजर आणि इंडिकेटर, आणि आपण कुठल्या दोन गाड्यांच्या मध्ये जाणार हे आधीच ठरवलेले असावे. पाटीने मिसळा म्हटले, म्हणून महामार्गावरच्या गाड्यांनी जागा करून द्यायलाच हवी, असे होत नाही. जोडमार्गावरून येणाऱ्यानेच वाट द्यायची असते. सरळ जाणाऱ्याने शक्य असेल तेव्हा शेजारच्या मार्गिकेत सरकणे हा चांगुलपणा आहे, पण त्यावर विसंबून शिरू नये.

दोन मार्गिकांची एक होते, तेव्हा ‘मर्ज’चे काम वेगळे असते. वाहतूक रेंगाळत असेल, तर अलीकडेच एका रांगेत घुसण्यापेक्षा दोन्ही मार्गिका शेवटपर्यंत वापराव्यात आणि अरुंद जागी एक गाडी इकडची, एक गाडी तिकडची असे आळीपाळीने जावे. झिप बंद करताना दात एकाआड एक बसतात, तसे. जर्मनीच्या वाहतूक नियमांत हा क्रम बंधनकारक आहे. शेवटपर्यंत आलेल्याला पुष्कळ लोक ‘घुसखोर’ म्हणून अडवतात आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण त्यामुळे एक मार्गिका विनाकारण रिकामी राहते आणि रांग दुप्पट लांब होते. वाहतूक वेगात वाहत असेल तेव्हा मात्र शेवटपर्यंत जाऊ नये. जागा दिसताच, वेग न मोडता, आधीच सरकावे.

‘डायव्हर्जन’बद्दल थोडक्यात. आपल्याकडे त्याला ‘वळण’ म्हणतात आणि तोच शब्द रस्त्याच्या वाकण्यालाही वापरतात, त्यामुळे पुढे वाकडा रस्ता आहे असे समजून लोक सरळ अडथळ्यापर्यंत पोचतात. खरे म्हणजे ती पाटी ‘वळवलेला मार्ग’ दाखवत असते. तिथून पुढे बाण सांगतील तसे, वळवलेला मार्ग संपल्याची पाटी दिसेपर्यंत जावे. मोबाइलवरचा नकाशा मध्येच बंद रस्त्याकडे परत फिरवत असेल, तर त्याचे ऐकू नये. ब्रिटनमध्ये पिवळ्या पाटीवर काळा चौकोन, वर्तुळ किंवा त्रिकोण काढतात आणि पहिल्या पाटीवर जो आकार दिसला, तोच शेवटपर्यंत शोधत जायचे असते.

‘नो स्टॉपिंग’चा घोळ ‘नो पार्किंग’मुळे होतो. निळ्या गोलात लाल काठ आणि एकच तिरकी लाल रेघ असेल, तर माणसे चढवण्या-उतरवण्यापुरते किंवा सामान काढण्यापुरते थांबता येते. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघांची लाल फुली असेल, तर तेवढेही नाही. इंजिन चालू आहे, चालक आत बसला आहे, चारही इंडिकेटर लुकलुकत आहेत, यांपैकी कशानेही ती मनाई हटत नाही. सिग्नलला, समोर वाहतूक खोळंबल्यामुळे किंवा टक्कर टाळण्यासाठी थांबणे मात्र या मनाईत येत नाही, कारण ते थांबणे आपण निवडलेले नसते. ही फुली बहुधा वळणाजवळ किंवा पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ असते. तिथे उभ्या केलेल्या गाडीच्या आडून रस्त्यावर पाऊल टाकणारे मूल मागच्या चालकाला दिसत नाही, आणि मुलालाही तो चालक दिसत नाही.